मशीन चालू असूनही रात्री ऑक्सिजन उतरतो: फ्लोच्या बटणाला हात लावण्याआधी काय तपासावं

पावसाळा लागला की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "ताई, मशीन चालू आहे, बॉल दोनवर आहे, तरी रात्री आईचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर येतो. आम्ही फ्लो वाढवतो, मग वर जातो. पण सकाळी ती धड उठत नाही." मशीन म्हणजे घरच्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारा कॉन्सन्ट्रेटर, आणि बॉल म्हणजे मिनिटाला किती लिटर वायू जातो, म्हणजे फ्लो किती, ते दाखवणारी त्याच्यावरची छोटी गोळी. मी छातीच्या आजारांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलं आणि आता गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागात घरी ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटांकडे जाते. या तक्रारीची दोन टोकं असतात. रात्री ऑक्सिजन कमी पडतो, तो बहुतेक वेळा नळीच्या वाटेवर कुठे तरी अडकल्यामुळे. सकाळी पेशंट गुंगीत असतो, तो बहुतेक वेळा आपण रात्री बटण फिरवल्यामुळे. ही दोन टोकं वेगळी ओळखता आली तर हॉस्पिटलच्या बऱ्याच फेऱ्या वाचतात.

वाळपईच्या पलीकडच्या एका वाडीवरच्या घराचंच सांगते. आजी सत्तर वर्षांच्या पुढची. आयुष्यात विडी ओढली नाही, पण चाळीसेक वर्षं चुलीपुढे आणि न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाखाली जाळ फुंकण्यात गेली. फुफ्फुसं त्या धुराने गेली, सीओपीडी हा श्वास अडवणारा कायमचा आजार निघाला. घरी पाठवताना कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: मशीनवर मिनिटाला दोन लिटर, झोपेचा वेळ धरून दिवसातून किमान 15 तास, बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा 88 ते 92 टक्क्यांच्या मध्ये. सून फार नेटकी. वही ठेवायची. जुलैमधल्या एका रात्रीची तिची नोंद अशी होती:

रात्री 10 वाजता 91, फ्लो 2.
1 वाजता 84, फ्लो 3 केला.
2 वाजता 85, फ्लो 4 केला.
4 वाजता 97. "बरं वाटलं, झोपलो."
सकाळी 7 वाजता हाक मारली तर डोळे उघडून परत मिटते, डोकं दुखतं म्हणते.

या वहीत एक विचित्र गोष्ट आहे. एकदा वाचून सुटते, म्हणून पुन्हा पाहा. फ्लो दोनावरून तीनवर नेला, तरी एक ते दोनच्या मध्ये आकडा जेमतेम एकाने वर गेला. आणि नंतर फ्लो चारावर नेल्यावर, नळीला कोणी हात न लावता, तो एकदम 97 वर पोचला. आजार वाढला असता तर असं झालं नसतं. वाट बंद होती आणि मग आपोआप उघडली, तर असंच होतं.

मी गेले तेव्हा मशीन कपाटाजवळ जमिनीवर होतं. नळी थंड शहाबादी फरशीवरून वळसे घेत खाटेपर्यंत गेलेली, वर पंखा जोरात. बाटली, म्हणजे ज्यातून ऑक्सिजन बुडबुडे होऊन जातो ती, गळ्यापर्यंत भरलेली. "रात्री मध्येच संपू नये म्हणून," सून म्हणाली. बाटलीवर खालची आणि वरची अशा दोन रेघा असतात. पाणी त्या दोन रेघांच्या मध्येच हवं. वरच्या रेघेपलीकडे गेलं की बुडबुड्यांबरोबर पाणी नळीत ढकललं जातं. शिवाय बाटलीतून निघणारा ओलसर वायू थंड नळीत गेला की त्याचे थेंब होतात, आणि ते थेंब नळीच्या सगळ्यात खालच्या वळशात साठतात. तिथे बोटभर लांबीचा पाण्याचा बूच बसला होता. उजेडासमोर नळी धरली तर दिसला.

मग रात्री काय झालं ते उलगडलं. एक वाजता पाण्याने वाट अडली. बाटलीच्या झाकणाला दाब सोडणारी एक छोटी झडप असते, वायू तिथून बाहेर गेला. म्हणूनच बॉल जिथल्या तिथे राहिला आणि नाकापर्यंत फार थोडं पोचलं. झडपेची बारीक शिट्टी वाजत होती. आजीच्या नातवाने ती ऐकलीही होती, पण त्याला तो मशीनचाच आवाज वाटला. घरच्यांनी फ्लो चारावर नेला. मग आजी कुशीवर वळली असेल, नळी उचलली गेली, पाणी सरकलं, आणि आता अडथळा नसलेल्या नळीतून चार लिटर थेट नाकात सुरू झाले. तेही पुढचे तीन तास, आणि सगळे झोपलेले.

97 आकडा पाहून आनंद का व्हायला नको, हे नीट समजून घ्यायला हवं. श्वासातून दोन कामं होतात: ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर. बोटावरचं यंत्र पहिलं काम मोजतं, दुसऱ्याचा त्याला पत्ताच नसतो. सीओपीडीत फुफ्फुसाचे जे भाग निकामी झालेले असतात तिथलं रक्त शरीर स्वतःच आवरतं आणि चांगल्या भागांकडे वळवतं. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की ही व्यवस्था ढिली पडते. रक्त पुन्हा निकामी भागांतून वाहू लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडता साठतो. काही पेशंटांची श्वास घेण्याची धडपडही मंदावते. सगळ्या पेशंटांत असं होत नाही, पण कोणाच्यात होईल हे घरी बसून कळत नाही. म्हणून मर्यादा 92 पर्यंतची.

कार्बन डायऑक्साइड साठू लागल्याची खूण अशी: सकाळी उठताच डोकं जड किंवा ठणकतं, दिवसाही झापड येते, बोलण्यात गोंधळ होतो, तळवे गरम आणि चेहरा लालसर दिसतो. हात पुढे लांब करून पंजे वर उचलायला सांगितले तर पंजे पक्ष्याने पंख फडफडवावे तसे खाली पडत-उठत राहतात. ही शेवटची खूण दिसली तर वाट पाहायची नाही, 108 ला फोन करायचा.

अशा वेळी घाबरून ऑक्सिजन एकदम बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. ती दुसरी चूक. एकदम बंद केला तर ऑक्सिजन आधीच्यापेक्षाही खाली कोसळू शकतो. फ्लो कागदावर लिहिलेल्या आकड्यावर परत आणा, पेशंटला पाठीला आधार देऊन बसवा आणि मदत बोलवा. हॉस्पिटलमध्ये मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन कार्बन डायऑक्साइड मोजतात. तो घरी मोजता येत नाही.

आता आकडा उतरलेला दिसला की काय करायचं, ते ज्या क्रमाने मी करते त्याच क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी पेशंटकडे पाहा, यंत्राकडे नंतर. ओठ निळसर आहेत, एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही किंवा जागं करूनही जागं राहत नाही, तर तपासणी करत बसू नका, 108. घरात भरलेला सिलेंडर असेल तर मशीनची नळी काढून पेशंटला सिलेंडरवर घ्या, फ्लो कागदावर लिहिलेलाच ठेवा. इतकं करूनही आकडा ऐंशीच्या खाली जात असेल तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारून ते सांगतील तेवढा फ्लो वाढवा. ऑक्सिजन फार कमी पडला तर जीव मिनिटांत धोक्यात येतो, त्यापुढे कार्बन डायऑक्साइडची भीती मागे ठेवावी लागते. पण ते डॉक्टरांच्या शब्दावर, आपल्या अंदाजाने नाही.

पेशंट शुद्धीत आहे, बोलतो आहे, तर मग बोट. पावसात हात गार पडतात आणि गार बोटावर यंत्र खोटं बोलतं. हात चोळून गरम करा, नखावर रंग किंवा मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या, हात टेकवून स्थिर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. यंत्रावर नाडीचाही आकडा असतो. मनगटावर स्वतः नाडी मोजून तो जुळतो का पाहा. नाडी जुळत नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही विसंबू नका. माझ्या फोनांपैकी बरेच इथेच मिटतात.

मग नाकापासून मशीनकडे नळी हाताने चाचपत जा. नाकातली दोन टोकं नाकात आहेत की झोपेत गालावर आली आहेत? त्यांचा बाक खालच्या बाजूला वळलेला हवा. नळी खाटेच्या पायाखाली, गादीखाली, दाराच्या फटीत दबली आहे का? नळीत पाणी दिसतं का? दिसलं तर बाटलीपासून नळी सोडवून पाणी झटकून काढा आणि दुसरी कोरडी नळी लावा. म्हणून घरात एक नळी जास्तीची असू द्या. नाकातला भाग दोन ते चार आठवड्यांनी बदलायचाच असतो. तो कडक, पिवळट झाला की नाकात टोचतो आणि रात्री पेशंट स्वतःच काढून टाकतो.

वाट मोकळी आहे की नाही याची सोपी परीक्षा म्हणजे स्वच्छ पाण्याचा पेला. नाकातली टोकं क्षणभर त्यात बुडवा. बुडबुडे भराभर आले तर वायू पोचतो आहे. नंतर टोकं झटकून पुसून मगच परत लावा. बुडबुडे आले नाहीत किंवा तुरळक आले, तर नळी नाकाजवळ दोन-तीन सेकंद दुमडून धरा. बाटलीची शिट्टी वाजली किंवा बॉल खाली आला तर बाटलीपासून तुमच्या बोटांपर्यंत गळती नाही, अडथळा त्यापुढे नाकाच्या बाजूला आहे. काहीच झालं नाही तर वायू बाटलीच्या झाकणातून निसटतो आहे. रोज धुवून लावताना झाकण तिरकं बसतं, आटे चुकतात, आणि बाहेरून ते घट्टच वाटतं. झाकण पूर्ण उघडून, सरळ ठेवून, परत फिरवा. ही चूक मी स्वतः वॉर्डात केली आहे आणि अर्धा तास मशीनला दोष देत बसले आहे.

बाटलीबद्दल आणखी एक. दोन लिटरसारख्या कमी फ्लोला बाटलीची बहुधा गरजच नसते. नाक फार कोरडं पडत नसेल तर डॉक्टरांना विचारून ती काढूनच टाका. मशीनला नळी थेट जोडायचा तुकडा मिळतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की बाटलीमुळे नुसतं पाणी नळीत साठतं. ठेवायचीच असेल तर उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी, रोज नवं, दोन रेघांच्या मध्ये. कालच्या पाण्यात वरून भर घालायची नाही. मशीन खाटेपेक्षा खाली ठेवा आणि नळीचा उतार मशीनकडे राहील असं बघा, म्हणजे थेंब बाटलीत परत जातात. नळी उघड्या फरशीवर नको, चटईवरून घ्या, आणि पंख्याचा झोत तिच्यावर नको.

एवढं सगळं ठीक निघालं तरच मशीन. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. बॉल दोनवर आहे म्हणजे दोन लिटर वायू जातो आहे, एवढंच. त्यात ऑक्सिजन किती, हे बॉल सांगत नाही. चांगलं मशीन नव्वद टक्क्यांच्या पुढे ऑक्सिजन देतं. आतले खडे, ज्यांना झिओलाइट म्हणतात, हवेतला नायट्रोजन शोषून घेतात म्हणून हे जमतं. त्या खड्यांना ओलावा सोसत नाही. मशीन ओल्या भिंतीला चिकटून, पडद्याआड, कोंदट कोपऱ्यात असेल, मागची जाळी धुळीने किंवा बुरशीने भरली असेल तर ऑक्सिजनचं प्रमाण घसरतं, बॉल मात्र तसाच राहतो. पिवळा दिवा लागला तर त्याला दुर्लक्षित करू नका. बऱ्याच मशीनवर तो प्रमाण 85 च्या आसपास किंवा खाली गेल्यावर लागतो. तो लागल्यावर पेशंटला सिलेंडरवर घ्या आणि मशीनवाल्याला बोलवा. आल्यावर ऑक्सिजन मोजायच्या यंत्राने प्रमाण तुमच्यासमोर मोजायला सांगा, नुसतं "चालतंय" ऐकून सोडू नका. जाळी आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवा, पण पूर्ण सुकल्याशिवाय लावू नका. पावसात ती सुकायला दीड दिवस लागतो, म्हणून दोन जाळ्या ठेवून आलटून पालटून वापरा. मशीन भिंतीपासून वीतभर तरी पुढे हवं. आणि ते भिंतीतल्या स्वतंत्र सॉकेटवर असू द्या, मिक्सर-फ्रिजच्या एक्स्टेन्शनवर नको. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं की मशीनचा आवाजच मंद होतो, तो कान देऊन ओळखता येतो. वारंवार होत असेल तर स्टॅबिलायझर लागतो.

वीज गेली की प्रश्न वेगळा. सिलेंडर आहे, पण तो किती पुरेल हे आधी माहीत हवं. घरोघर दिसणारा कमरेएवढा बी-टाइप सिलेंडर पूर्ण भरला तर साधारण 1500 लिटर असतो. दोन लिटरने 1500 भागिले 2, म्हणजे 750 मिनिटं, साडेबारा तास. काटा अर्ध्यावर असेल तर सहा तास. मी त्यातूनही एक तास कमीच धरते. सिलेंडर खुंटीला किंवा खाटेच्या पायाला साखळीने बांधून उभा ठेवा, किल्ली दोरीने त्यालाच बांधा, आणि महिन्यातून एकदा उजेडात सराव करा. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, पहिल्यांदा रेग्युलेटर बसवायची वेळ येऊ नये. इन्व्हर्टरवर भरवसा ठेवण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून विचारून घ्या. पाच लिटरच्या मशीनला साधारण साडेतीनशे वॅट लागतात, तेवढ्यावर घरचा साधा इन्व्हर्टर दोन-तीन तासांत बसतो.

आगीबद्दल घरी गेल्यावर मी नेहमी बोलते, आणि बहुतेक घरांत तेव्हाच चेहरे बदलतात. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जी वस्तू हळू जळली असती ती भडका घेते. नाकातून निसटलेला ऑक्सिजन केसांत, शालीत, उशीत मुरून बसतो. समईजवळ वाकून नमस्कार करणाऱ्या आजीचा पदर अशा वेळी सापडतो. चतुर्थीला घर माणसांनी आणि दिव्यांनी भरलेलं असतं, बाहेर फटाके असतात. नळी लावलेला माणूस कुठल्याही उघड्या ज्योतीपासून, मग ती समई असो, गॅस असो, न्हाणीतला जाळ असो की डासांची अगरबत्ती, निदान 3 मीटर लांब हवा. आरतीला बसायचंच असेल तर दाराशी खुर्चीत, हात जोडून. नळी काढून दिव्याजवळ जायचं तर मशीन बंद करून निदान 20 मिनिटं मोकळ्या हवेत बसून मगच. चालू नळी गादीवर टाकून उठायचं नाही, पांघरूण त्या वायूने भरतं. त्या खोलीत कोणीही विडी-सिगारेट ओढायची नाही, पाहुण्यांनीसुद्धा. मुलगा "बाहेर ओढतो" म्हणतो तिथे मी तरी नळीचा माणूस पडवीत बसतो का ते विचारते.

आणि खोबरेल तेल. आमच्याकडे नाक कोरडं पडलं की तेलाचं बोट नाकात जातंच. ऑक्सिजन चालू असताना नाकात, ओठांना तेल, व्हॅसलीन, बाम यांपैकी काहीही नको. तेलकट पदार्थ ऑक्सिजनमध्ये पेट घेतात. पाण्यावर आधारलेली जेल मेडिकलमध्ये मिळते, ती वापरा. तेलाच्या हाताने सिलेंडरच्या तोटीलाही हात लावायचा नाही.

वाळपईच्या आजीच्या घरी आम्ही बाटली काढली, नळीचा वळसा कमी केला, आणि फ्लोच्या बटणावर नातवाने चिकटपट्टी लावून त्यावर ठळक "2" लिहिलं. पुढच्या आठवड्यात रात्रीचे आकडे 89 ते 91 राहिले, सकाळचं डोकं दुखणं थांबलं. पण दोन रात्री पहाटे तीनच्या सुमारास आकडा पाऊण तासभर 86 वर होता. नळी कोरडी, पेल्यात बुडबुडे भरपूर, दिवा हिरवा. सुनेने बटणाला हात न लावता वेळ, आकडा, नाडी आणि आजी जागी होती की झोपलेली एवढं लिहून ठेवलं. ती वही घेऊन सून आणि आजी डॉक्टरांकडे गेल्या. झोपेत श्वास आणखी उथळ होतो, तेव्हा रात्रीचा फ्लो दिवसापेक्षा वेगळा ठरवावा लागू शकतो किंवा नाकावर मास्क लावून दाबाने श्वास देणारं मशीन लागू शकतं. डॉक्टरांनी धमनीतलं रक्त तपासून कार्बन डायऑक्साइड पाहिला आणि झोपेपुरता फ्लो अडीच करून कागदावर लिहून दिला. नातवाने चिकटपट्टी बदलली. आता तिथे दोन आकडे आहेत, एकावर सूर्य काढलाय, दुसऱ्यावर चंद्र.